मक्यातलं नियासिन : कागदावर पोटभर, अंगी लागत नाही

प्रश्न : "मॅडम, आमचं गाव सिल्लोडकडे. मका घरचाच, ज्वारी विकत घ्यावी लागते, म्हणून यंदा रोजची भाकरी मक्याची करायचं ठरवलंय. पण मका खाणाऱ्यांना पेलाग्रा होतो असं वाचलं, तो नियासिनच्या कमतरतेने होतो म्हणे. तक्त्यात तर मक्यातलं नियासिन पांढऱ्या तांदळापेक्षा जास्तच दिसतं. मग मका खाणाऱ्यांनाच का होतो? आणि मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मकाच खातात, त्यांना कसा होत नाही?"

उत्तर :

तक्ता खोटं बोलत नाही. त्यातला आकडा कसा काढतात हे मात्र तक्त्यात लिहिलेलं नसतं, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

मी परभणीत बरीच वर्षं अन्नरसायनशास्त्र शिकवलं. एकदा दोन विद्यार्थिनींना एकाच पोत्यातल्या पिवळ्या मक्याचं पीठ दिलं आणि दोघींना नियासिन मोजायला सांगितलं. आम्ही ते जिवाणू वापरून मोजायचो. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम नावाचा जिवाणू नियासिनशिवाय वाढत नाही. त्याला बाकी सगळं पोषण द्यायचं, नियासिन तेवढं आपल्या नमुन्यातलं द्यायचं, आणि नळी किती गढूळ झाली ते बघायचं. जितकं नियासिन तितकी वाढ. पहिलीने पीठ सौम्य आम्लात गरम करून त्याचा अर्क काढला. दुसरीने ते चुन्याच्या पाण्यात घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली, उकळलं आणि मग आम्ल घालून उदासीन केलं. दुसरीची नळी दुधासारखी गढूळ झाली. पहिलीची जवळजवळ स्वच्छ. हिशेब केला तर पहिलीचा आकडा दुसरीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा.

मी पहिलीला पुन्हा करायला लावलं. वजनात चूक झाली असेल, जिवाणू मेले असतील, असं मला वाटलं. तिने तीनदा केलं, तीनदा तेच आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक माझी होती. दोघींनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या. एकीने दाण्यात मोकळं असलेलं नियासिन मोजलं, दुसरीने दाण्यात असलेलं सगळं. अन्नघटकांच्या तक्त्यात साधारणपणे दुसरा आकडा छापलेला असतो, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने पूर्ण मोजमाप तेच. जठर आणि आतडं मात्र पहिल्या विद्यार्थिनीसारखं काम करतं. तिथे सौम्य उष्णता असते, आम्ल असतं, दोन-तीन तासांचा वेळ असतो. चुना नसतो आणि ऑटोक्लेव्हही नसतो.

आता हे नियासिन दाण्यात बांधलेलं असतं म्हणजे नेमकं काय, ते बघू.

मक्याचा दाणा उभा चिरलात तर बाहेर पातळ टरफल, त्याच्या आत पेशींचा एक बारीक थर, मग पिवळा-पांढरा पिठूळ भाग आणि खालच्या टोकाकडे अंकुर दिसतो. टरफलाआतल्या त्या थराला ॲल्युरोन म्हणतात. धान्यातलं नियासिन मोठ्या प्रमाणात या थरात असतं. तिथे ते सुटं फिरत नाही. नियासिन म्हणजे निकोटिनिक आम्ल, आणि त्या आम्लाचा एक हात ग्लुकोजच्या रेणूला एस्टर बंधाने जोडलेला असतो. ते ग्लुकोजही एकटं नसतं. ते अरॅबिनोज, झायलोज अशा साखरांच्या लांब साखळीत गुंफलेलं असतं, म्हणजे ज्याला आपण ढोबळपणे कोंड्याचा तंतू म्हणतो त्यात. काही नियासिन प्रथिनांच्या तुकड्यांसोबतही अडकलेलं सापडतं. गव्हाच्या कोंड्याचं विघटन करून शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये नियासिन आणि ग्लुकोज एकमेकांना चिकटलेला नेमका तुकडा वेगळा काढून दाखवला. म्हणजे ही गोष्ट एकट्या मक्याची नाही. गहू आणि ज्वारी यांच्यातही पिकलेल्या दाण्यात बरंचसं नियासिन असंच अडकलेलं असतं. मक्याचंच एवढं नाव का झालं, ते पुढे येईल.

तुम्ही म्हणाल, एस्टर बंध तर तेलातही असतो आणि तेल आपल्याला पचतं. बरोबर आहे. तेलातला बंध तोडणारं एन्झाइम आपल्या स्वादुपिंडातून येतं. पण एन्झाइमला नुसता बंध ओळखून भागत नाही, त्याच्या आजूबाजूचा आकारही जुळावा लागतो, आणि मुळात तिथपर्यंत पोहोचता यावं लागतं. इथे बंधाभोवती अशा साखळ्यांची गुंतवळ आहे, की जी साखळीच आपल्याला पचत नाही. गाठ पोत्याच्या आत आणि पोतं शिवलेलं, अशी गत. मग तो सगळा गुंता नियासिनसकट आतड्यातून तसाच पुढे सरकतो. जठरातलं आम्ल थोडंफार सोडवतं, पण अगदी थोडं.

अल्कलीचं तसं नाही. तिला आकार जुळायची गरज नसते. घरी साबण करताना कॉस्टिक सोडा तेलातला एस्टर बंध तोडतो, तीच क्रिया इथे चुना करतो. पाण्यात चुना घातला की ते द्रावण साडेबाराच्या आसपासच्या पीएचला जातं. त्यात दाणे शिजवले की दोन गोष्टी होतात. टरफल आणि पेशींच्या भिंतींना धरून ठेवणारा हेमिसेल्युलोजचा गोंद सैल पडतो, म्हणजे पोत्याची शिवण उसवते. आणि एस्टर बंध तुटून नियासिन पाण्यात विरघळणाऱ्या रूपात मोकळं होतं. हा बंध आम्लानेही तुटू शकतो, पण ती क्रिया संथ असते आणि उलटही फिरते. अल्कलीत ती एकाच दिशेने जाते. एकदा सुटलं की पुन्हा जुळत नाही.

कोवळ्या कणसाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दाणा दुधात असताना त्यातल्या पेशी जिवंत आणि धावपळीत असतात. त्या वेळी नियासिन एनएडी या कामाच्या रूपात असतं, आणि ते आपल्याला सहज मिळतं. दाणा जसजसा वाळत पक्का होतो तसतसं ते बांधलं जातं. म्हणून पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून तिखट-मीठ लावून खाल्लेलं कणीस आणि उन्हाळ्यात दळलेलं मक्याचं पीठ हे नियासिनच्या हिशेबात दोन वेगळे पदार्थ आहेत, पीक एकच असलं तरी.

पण बांधलेलं नियासिन ही अडचणीची एकच बाजू. नियासिन शरीराला दोन वाटांनी मिळतं. एक थेट अन्नातून. दुसरं आपलं यकृत स्वतः बनवतं, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. साधारण 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे 1 मिलिग्रॅम नियासिन, असा हिशेब धरतात. पहिली वाट बंद असली तरी दुसरी उघडी असेल तर माणूस तरून जातो. मक्याने नेमकी दुसरी वाटही अरुंद केलेली आहे. मक्याच्या पिठूळ भागातलं मुख्य प्रथिन झीन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नाहीच. थोडंफार आहे ते अंकुरातल्या प्रथिनांत.

तुमच्या घरचाच हिशेब मांडू. शेतात राबणारा माणूस दिवसाला अर्धा किलो मक्याचं पीठ खातो असं धरा, आणि सोबत नुसती मिरची, मीठ, थोडं तेल. तक्त्याप्रमाणे 100 ग्रॅम मक्यात सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम नियासिन, म्हणजे अर्ध्या किलोत सुमारे 11.5 मिलिग्रॅम. प्रथिनं 100 ग्रॅममागे 9 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण 45 ग्रॅम. मक्याच्या प्रथिनात 100 ग्रॅमला ट्रिप्टोफॅन फार तर 600 ते 700 मिलिग्रॅम. तेव्हा 45 ग्रॅमांतून मिळतं सुमारे 300 मिलिग्रॅम, आणि त्याचं नियासिन होतं 5 मिलिग्रॅम. कागदावरची बेरीज साडेसोळा. प्रौढ माणसाची रोजची गरज 14 ते 16 मिलिग्रॅम. कागदावर सगळं आलबेल.

आता पहिल्या विद्यार्थिनीच्या नजरेने बघा. साडेअकरातलं हाती लागतं ते सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात ट्रिप्टोफॅनचे 5 मिळवले की झाले सहा-सव्वासहा. गरजेच्या निम्म्याहूनही कमी. आणि ते 5 सुद्धा उदारपणे धरलेले आहेत, कारण शरीर ट्रिप्टोफॅन आधी स्वतःची प्रथिनं बांधायला वापरतं आणि उरलं तर त्याचं नियासिन करतं. जेवण आधीच प्रथिनाने तोकडं असेल तर उरतं कमीच.

पॉलिश केलेल्या तांदळात नियासिन मक्यापेक्षा कमी, पण तांदळाच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅनचं प्रमाण मक्याच्या जवळपास दुप्पट असतं. म्हणून पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी झाला, पेलाग्रा नाही. मक्याचंच नाव का झालं याचं उत्तर इथे आहे. बांधलेलं नियासिन आणि तोकडं ट्रिप्टोफॅन एकाच दाण्यात एकत्र आले, आणि तो दाणा गरिबाच्या ताटात एकटा पडला.

हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते जगाने आधी स्पेनमध्ये पाहिलं. मका अमेरिकेतून युरोपात आला तो कोलंबसच्या सफरींनंतर. बियाणं आलं, पण ते शिजवायची तिकडची रीत आली नाही. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने 1735 मध्ये या आजाराची नोंद केली. हातापायांच्या पाठीवर आणि गळ्याभोवती उन्हात उघडा पडणारा भाग लालबुंद, मग काळपट आणि खरखरीत. तिथले शेतकरी त्याला गुलाबी रोग म्हणत. गळ्याभोवतीच्या त्या पट्ट्याला वैद्यकात आजही कासालचा हार म्हणतात. पुढे उत्तर इटलीत, जिथे शेतमजूर तिन्ही त्रिकाळ मक्याचा घट्ट घाटा, म्हणजे पोलेंटा, खाऊन दिवस काढत, तिथे हा आजार घरोघर झाला. 1771 मध्ये मिलानच्या फ्रापोल्ली यांनी लोकांच्याच तोंडचा शब्द उचलला : पेले म्हणजे कातडी, आग्रा म्हणजे आंबट, खरबरीत. कातडीमागोमाग जीभ सोलवटते, जुलाब लागतात, आणि शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. वसंत ऋतूत, हिवाळाभर नुसत्या मक्यावर काढून लोक पुन्हा उन्हात कामाला निघाले, की हे चट्टे उठायचे. त्यामुळे कित्येक वैद्य दोष उन्हालाच देत. काहींनी बुरशी लागलेल्या मक्यातलं विष हे कारण धरलं आणि ते मत पुढे फार काळ टिकलं.

मेक्सिकोकडची रीत मात्र जुनी होती. दाणे चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुवून पाट्यावर ओले वाटायचे. त्यांच्या भाषेत अशा मक्याला नाव आहे निक्स्टमल, आणि त्या शब्दातच राख आहे. त्यांना नियासिन ठाऊक नव्हतं. टरफल निघतं, पीठ चिकट होऊन पोळी थापता येते, म्हणून ते करत असावेत असं मला वाटतं. तुम्हीही करून बघा, साध्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना ती कशी चिरते हे तुमच्या घरातल्या बायकांना विचारा. मेक्सिकोच्या ताटात मक्याजोडीला घेवडाही असायचा, त्याच्या प्रथिनांनीही हातभार लावला. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या चुन्याला देणं मला पटत नाही. पण जनावरांवर केलेल्या प्रयोगांत, बाकी आहार नियासिनशून्य ठेवून एका गटाला कच्चा मका आणि दुसऱ्याला चुन्यात शिजवलेला मका दिला, तेव्हा दुसऱ्या गटाची वाढ चांगली झाली. चुन्याचा वाटा आहे, याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राची मोठी साथ आली, तिचं एक कारण मला फार शिकवून गेलं. तिथले लोक त्याआधीही मका खात होतेच. पण 1900 नंतर मोठ्या गिरण्यांत अंकुर काढून टाकणारी यंत्रं आली. अंकुरात तेल असतं, त्यामुळे पीठ लवकर खवट होतं. अंकुर काढला की पीठ महिनोन्महिने टिकतं आणि रेल्वेने लांब धाडता येतं. पण मक्यात जे थोडं बरं प्रथिन होतं तेही त्या अंकुरासोबत गेलं. आधीच अरुंद असलेली दुसरी वाट आणखी अरुंद झाली.

साथ म्हटल्यावर लोक जंतू शोधू लागले. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी 1914 मध्ये काम हाती घेतलं, तेव्हा त्यांच्या एक गोष्ट नजरेत भरली. अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत तिथे राहणारे आजारी पडत होते, तिथेच काम करणाऱ्या परिचारिका नाही. जंतू असा भेदभाव करत नाही, ताट करतं. मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या एका शेतावर 1915 मध्ये त्यांनी शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मका, पांढरा मैदा, भात, रताळी, पाक असं जेवण दिलं. दूध, मांस, अंडी नाहीत. शेवटपर्यंत राहिलेल्या 11 जणांपैकी 6 जणांना सुमारे पाच महिन्यांनी पेलाग्राचे चट्टे उठले. हा कालावधी लक्षात ठेवा. महिनाभर मक्याची भाकरी खाऊन कोणी आजारी पडत नाही. शरीराची शिल्लक सावकाश संपते.

यात एक कोडं राहिलंच. दुधाने पेलाग्रा बरा होतो हे गोल्डबर्गर यांना दिसत होतं. 1937 मध्ये विस्कॉन्सिनच्या एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली. हा पेलाग्राचाच कुत्र्यांमधला भाऊ. म्हणजे कमतरता नियासिनची, हे ठरलं. पण मग दुधात तर नियासिन नावालाच असतं, पाव लिटरमध्ये पाव मिलिग्रॅमही मुश्किलीने. मक्यात त्याच्या कित्येक पट. तरी मका आजारी पाडतो आणि दूध बरं करतं, हे कसं? 1945 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मक्याच्या आहारात ट्रिप्टोफॅन मिसळलं की नियासिन दिल्यासारखाच गुण येतो. पाव लिटर दुधातल्या 8 ग्रॅम प्रथिनांत शंभरेक मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन असतं, त्याचं पावणेदोन मिलिग्रॅम नियासिन होतं. दूध नियासिन देत नव्हतं, ते करायचा कच्चा माल देत होतं. मी हा भाग शिकवायचे तेव्हा फळ्यावर मका आणि दूध यांचे नुसते तक्त्यातले आकडे लिहायचे आणि मुलांना विचारायचे, सांगा कोणतं बरं. पूर्ण वर्ग मका म्हणायचा.

आता आपल्या मुलखाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही ज्वारीला निर्धोक समजाल. दख्खनच्या पठारावर मका मुख्य अन्न नव्हता, तरी पेलाग्रा होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये तो ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांमध्ये दाखवून दिला. ज्वारीच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नसतं, त्यामुळे वरचा हिशेब तिला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांनी बोट ठेवलं ते ल्युसिन या अमिनो आम्लावर. ज्वारीत आणि मक्यात दोन्हीत ते भरपूर असतं, आणि त्याच्या अतिरेकाने ट्रिप्टोफॅनचं नियासिन होण्यात अडथळा येतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे सगळ्याच प्रयोगशाळांत तसे निकाल आले नाहीत आणि वाद राहिला. माझं मत विचाराल तर ल्युसिन हे एकटं कारण नसावं, पण आधीच काठावर असलेल्या माणसाला ते पलीकडे ढकलू शकतं. ज्या घरात भाकरीसोबत डाळ, ताक, शेंगदाणे होते तिथे त्याच ज्वारीने काही केलं नाही.

यावरून तुमच्या घराकडे येते. तुमच्या ताटात भाकरीशिवाय काय आहे, यावर सगळं ठरतं. तुरीच्या डाळीवर मात्र फार विसंबू नका. तिच्यात प्रथिन भरपूर असलं तरी ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत ती बेताचीच. शेंगदाण्याची गोष्ट वेगळी. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 12 मिलिग्रॅमच्या आसपास नियासिन असतं आणि ते मक्यासारखं अडकलेलं नसतं. म्हणजे 30 ग्रॅम, एक मोठी मूठ, साडेतीन मिलिग्रॅम थेट देते, आणि तिच्या प्रथिनांतून आणखी एक-सव्वा येतं. वरच्या सहा मिलिग्रॅमच्या हिशेबात मूठभर दाण्याची चटणी आणि पाव लिटर दूध मिळवलं की आकडा साडेबाराच्या वर जातो. आपल्याकडे भाजीत कूट घालतात आणि भाकरीवर दाण्याची चटणी वाढतात, ती या दृष्टीने फार मोलाची सवय आहे. तुमच्या घरी ती असेल, दूध-ताक असेल, आठवड्यातून अंडी होत असतील, तर मक्याच्या भाकरीने पेलाग्रा होईल अशी भीती बाळगू नका. आज पेलाग्रा दिसतो तो बहुतेक वेळा जेवण सोडून दारूवर असलेल्या माणसात, किंवा क्षयाच्या आयसोनियाझिड गोळ्या चालू असून जेवण अगदी कमी असलेल्यात. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर दोन्ही बाजूंना सारखे चट्टे, सोबत जीभ लाल आणि जुलाब, असं घरात कोणाला दिसलं तर भाकरी बदलत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. निदान झालं तर निकोटिनामाइडच्या गोळ्यांनी जिभेची आग बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते, कातडीला वेळ लागतो.

तरी मका चुन्यात शिजवून बघायचा असेल तर जरूर बघा. वरच्या हिशेबात साडेअकरातलं धुण्यात जाईल ते वजा जाऊन आठ-नऊ मिलिग्रॅम तरी हाती लागतं, आणि भाकरीही सुरेख थापली जाते.

एक किलो वाळलेला मका, अडीच-तीन लिटर पाणी, आणि 10 ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना. पानाचा चुना ओला असतो, त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, म्हणून तो 20 ग्रॅम घ्या. भिंतीला लावायचा चुना अजिबात घेऊ नका, त्यात काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही. चुन्याची वरची निवळीही घेऊ नका. लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, त्यामुळे नुसत्या निवळीत जोर पुरत नाही. खाली बसलेल्या गाळासकट पाणी घ्या, म्हणजे शिजताना खर्च होईल तसा चुना त्यातून विरघळत राहील. खाण्याच्या सोड्याने हे काम होईल असं समजू नका, त्याचा पीएच चुन्याच्या जवळपासही जात नाही. पातेलं स्टीलचं. जर्मनच्या पातेल्याला चुना खातो, पाणी काळं पडतं, ते पोटात नको.

पाण्यात चुना नीट ढवळून घ्या, दाणे घाला, उकळी आली की आच मंद करून 40-45 मिनिटं शिजवा. पाणी हळदीसारखं पिवळं होतं आणि ओल्या चुन्याचा, नव्याने सारवलेल्या भिंतीसारखा वास सुटतो. अर्ध्या तासाने एक दाणा काढून गार पाण्यात धरा आणि अंगठा-बोटांत चोळा. टरफल चिकट होऊन सुटू लागलं, पण आतला दाणा चावल्यावर मध्ये कडक लागला, म्हणजे बरोबर जमलं. टरफल अजून घट्ट असेल तर चुना कमी पडला किंवा दाणा जुना आहे, आणखी 15 मिनिटं द्या. दाणा फुटून लगदा व्हायला लागला तर जास्त झालं, भाकरी थापली जाणार नाही. मग झाकण ठेवून रात्रभर तसंच राहू द्या, 12 तास तरी. नियासिन सुटण्याचं काम या भिजण्यातही चालू असतं, म्हणून शिजवून लगेच धुवून टाकलं तर निम्मा फायदा घालवला असं समजा.

सकाळी पिवळं पाणी ओतून द्या, दाणे दोन-तीन पाण्यांत हाताने चोळून धुवा. सगळं टरफल निघालंच पाहिजे असं नाही, आणि फार वेळ धुतलंत तर सुटलेलं नियासिनही पाण्यासोबत जाईल. मग पाट्यावर किंवा इडलीच्या ग्राइंडरमध्ये अगदी कमी पाणी घालून वाटा आणि लगेच थापा. वाटायच्या आधी एक दाणा जिभेवर ठेवून बघा. जीभ चुरचुरली तर अजून एक पाणी.